गल्ल्यातले पाचशे रुपये आणि रोजकीर्दीचा एक तक्ता

तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोरच्या ओळीत आमच्या शाखेच्या एका ग्राहकाचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. वायर, स्विच, बल्ब, पंख्याचे कपॅसिटर, इस्त्रीची दुरुस्ती असा सारा व्यवहार. गृहस्थ पन्नाशीचे, सचोटीचे, वीस वर्षांपासून बँकेचे खातेदार. कॅश क्रेडिटच्या मर्यादेत वाढ हवी म्हणून ते कर्ज विभागात माझ्यासमोर येऊन बसले. कागदपत्रे चाळता चाळता मी सहज विचारले, ‘‘शेठ, रोजची विक्री किती होते?’’

‘‘होते दहा-बारा हजारांची, मॅडम.’’

‘‘काल किती झाली?’’

यावर ते थांबले. मग थोड्या संकोचाने म्हणाले, ‘‘ते सांगता यायचं नाही. हल्ली गल्लाच जुळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पाचशेची नोट कमी भरते. पोरगा ठेवलाय दुकानात, बायकोच्या माहेरकडचा. त्याला आता काढावंच लागेल असं दिसतं.’’

कर्जाच्या अर्जाचे काम बाजूला राहिले आणि त्या पाचशेच्या नोटेचे प्रकरण आमच्या टेबलावर आले. एखाद्या मुलाच्या नावाला लागणारा डाग हा कोणत्याही कर्जमर्यादेपेक्षा मोठा विषय असतो. ‘‘त्याला काढण्याआधी मला पंधरा दिवस द्या, आणि रोज रात्री पंधरा मिनिटे हिशेब लिहा,’’ अशी विनंती मी त्यांना केली.

आपल्याकडे व्यापारी मंडळींना रोजकीर्द नवी नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला लाल कापडी बांधणीची वही आणतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात आणि पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात. अनेक दुकानांत पुढची पाने पुढच्या दिवाळीपर्यंत कोरीच असतात. शेठजींच्या दुकानातही तशी वही होती. तिच्यात पुरवठादारांचे फोन क्रमांक लिहिलेले होते! मात्र त्यांची एक सवय फार चांगली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पावती देत आणि तिची कार्बन प्रत पावतीपुस्तकात राहत असे. पुढच्या सगळ्या गोष्टीचा आधार ही कार्बन प्रतच ठरली.

त्यांच्या मुलीच्या संगणकावर आम्ही एक तक्ता तयार केला. एक्सेल असो वा गूगल शीट्स, तक्ता तोच चालतो, मोबाईलवरही उघडतो. पहिल्या ओळीत शीर्षके, आणि त्याखाली प्रत्येक दिवसाला एकच ओळ. वाचकांच्या सोयीसाठी ती ओळ येथे उभी मांडून दाखवते. आकडे शेठजींच्या पहिल्याच आठवड्यातील एका दिवसाचे आहेत.

| रकाना | शीर्षक | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| A | तारीख | – |
| B | आरंभीची शिल्लक | ३,२४० |
| C | रोख विक्री | ७,८६० |
| D | उधारी वसुली | १,५०० |
| E | इतर जमा | ० |
| F | माल खरेदी (रोख) | ४,२०० |
| G | दुकानखर्च | १८० |
| H | घरासाठी उचल | ६०० |
| I | बँकेत भरणा | ५,००० |
| J | रोख दिली, यूपीआय घेतली | (कोरा) |
| K | हिशेबी शिल्लक | २,६२० |
| L | मोजलेली रोकड | २,१२० |
| M | रोकडीतील फरक | –५०० |
| N | यूपीआय विक्री (पावत्यांवरून) | ३,४५० |
| O | यूपीआयने आलेली रक्कम | ३,९५० |
| P | यूपीआयतील फरक | ५०० |
| Q | शेरा | – |

यांतील K, M आणि P हे तीन रकाने हाताने भरायचे नाहीत. दुसऱ्या ओळीत पुढील सूत्रे एकदा लिहून ठेवली की गणित यंत्र करते.

```
K2:  =B2+SUM(C2:E2)-SUM(F2:J2)
M2:  =IF(L2="","",L2-K2)
P2:  =IF(O2="","",O2-N2-J2)
B3:  =L2
```

पहिल्या दिवसाची आरंभीची शिल्लक, म्हणजे B2, तेवढी मोजून हाताने लिहावी. पुढे B3 मध्ये आदल्या दिवशीची मोजलेली रोकड आपोआप येते. येथे हिशेबी शिल्लक पुढे ओढली नाही, हे लक्षात घ्यावे. ती ओढली तर सोमवारचा फरक मंगळवारच्या, मंगळवारचा बुधवारच्या फरकात मिसळत जातो आणि शनिवारी हाती फक्त एक गुंता उरतो. मोजलेली रोकड पुढे नेली की प्रत्येक दिवस स्वच्छ सुरू होतो आणि त्या दिवसाचा फरक त्याच दिवसाच्या ओळीत राहतो. पुढील ओळींसाठी सूत्रे खाली ओढून घ्यावीत. दुकान बंद असेल त्या दिवसाची ओळ ठेवूच नये. कोरी ओळ राहिली तर दुसऱ्या दिवशीची आरंभीची शिल्लक शून्य दिसते आणि लिहिणारा गोंधळतो. शेठजींचाही पहिल्या सोमवारी असाच गोंधळ झाला, कारण त्यांचे दुकान रविवारी बंद असते.

रकाने भरण्याचे काम पावत्यांपासून सुरू होते. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात ‘रो’, ‘यू’ किंवा ‘उ’ यांपैकी एक खूण करायची: रोख, यूपीआय किंवा उधार. गिऱ्हाइकाने थोडे रोख व थोडे यूपीआयने दिले असेल, तर दोन्ही रकमा लिहायच्या. रात्री शटर ओढल्यावर तीन प्रकारच्या तीन बेरजा करायच्या. ‘रो’ची बेरीज C मध्ये, ‘यू’ची N मध्ये. ‘उ’ची बेरीज या तक्त्यात कोठेच जात नाही, ती उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावे पडते. उधारीचा पैसा ज्या दिवशी प्रत्यक्ष हातात पडेल, त्या दिवशीच तो D मध्ये येतो. वसुली म्हणजे विक्री नव्हे, हे मी त्यांना दोनदा सांगितले. माल विकताना एकदा आणि पैसे येताना पुन्हा एकदा विक्री धरली, तर विक्री फुगते आणि पुढे कर भरताना व बँकेत बोलताना दोन्हीकडे अडचण होते.

E मध्ये मालकाने घरून आणलेले किंवा बँकेतून काढून गल्ल्यात टाकलेले पैसे येतात. G मध्ये चहा, हमाली, रिक्षाभाडे, गणपतीची वर्गणी. H हा रकाना मात्र बहुतेकांना नकोसा वाटतो. ‘माझ्याच गल्ल्यातून मी शंभर रुपये घेतले, ते काय लिहायचे?’ असा प्रश्न येतोच. पण भाजीचे शंभर, मुलीच्या क्लासचे हजार आणि पाहुण्यांच्या मिठाईचे तीनशे गल्ल्यातून गेले की ते तेथे नाहीत, एवढे खरे. आणि ते लिहिले नाहीत तर संशय दुकानातील नोकरावर जातो.

रोकड मोजण्याची वेळ ठरलेली असावी. शटर ओढल्यावर, घरी न्यायची रक्कम काढण्यापूर्वी मोजावी. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती, हे कागदाच्या चिठोऱ्यावर मांडून बेरीज करावी आणि मगच L मध्ये लिहावी. मोजण्याआधी K मधील आकडा पाहू नये. तो दिसला की मोजणारा नकळत त्या आकड्यापर्यंत मोजतो. बँकेच्या रोखपालांना हे वेगळे सांगायला नको.

आता वरच्या तक्त्याकडे पुन्हा पाहू. आरंभीची शिल्लक, रोख विक्री आणि वसुली मिळून १२,६०० रुपये झाले. खरेदी, खर्च, घरची उचल आणि बँकेतील भरणा मिळून ९,९८० गेले. गल्ल्यात २,६२० उरायला हवे होते. मोजले तेव्हा २,१२० भरले. पाचशे कमी. शेठजी दुसऱ्या दिवशी सकाळीच शाखेत आले. ‘‘पाहा मॅडम, मी म्हणत होतो ना?’’

मी त्यांना यूपीआयची बाजू भरायला सांगितले होते. ती त्यांनी भरली होती, पण पाहिली नव्हती. पावत्यांप्रमाणे त्या दिवशी यूपीआयने विक्री झाली ३,४५० रुपयांची. दुकानाच्या क्यूआर कोडवर त्या दिवशी आले ३,९५०. पाचशे जास्त! रोकडीत पाचशे कमी आणि यूपीआयत पाचशे जास्त. नोट चोरणारा माणूस तेवढीच रक्कम मालकाच्या खात्यावर भरत नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलाला शांतपणे विचारले. स्टँडवरच्या एटीएममध्ये सायंकाळी बरेचदा पैसे संपलेले असतात. शेवटच्या गाड्यांचे प्रवासी समोरच्या दुकानात येतात आणि म्हणतात, ‘‘भाऊ, यूपीआय करतो, पाचशे रोख द्या.’’ मुलगा देत असे. मालकाचे नुकसान नाही, पैसे तर खात्यावर आले, असे त्याला वाटे. त्यात चूक काहीच नव्हती. त्याने ते कोठे लिहिले नव्हते, कारण लिहायला जागाच नव्हती. J हा रकाना मी यासाठीच ठेवला होता, पण तो कशासाठी आहे हे शेठजींनी मुलाला सांगितले नव्हते.

त्या रकान्यात ५०० लिहिताच काय होते ते पाहा. हिशेबी शिल्लक २,६२० वरून २,१२० वर येते आणि M मधील फरक शून्य होतो. P मध्ये ३,९५० मधून ३,४५० आणि ५०० वजा होऊन तेथेही शून्य येते. व्यवहाराच्या दृष्टीने ही देवघेव म्हणजे पाचशे रुपये बँकेत भरण्यासारखीच आहे. फक्त भरणा प्रवाशाच्या मोबाईलमधून झाला, इतकेच.

येथे एक सावधगिरी. यूपीआयची रक्कम O मध्ये लिहिताना ती व्यापाऱ्याच्या ॲपमधील त्या दिवसाच्या यादीवरून घ्यावी. काही सेवांमध्ये दिवसभराची रक्कम एकत्र करून दुसऱ्या दिवशी बँकखात्यावर जमा होते. अशा वेळी पासबुकातील तारीख पकडली तर P मध्ये रोज खोटा फरक दिसेल. तसेच दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्याच खात्याचा असावा. मुलीच्या किंवा भावाच्या खात्याचा कोड गल्ल्यावर चिकटवलेला असेल तर हा सारा ताळा फुकट जातो.

क्यूआर कोडच्या बाबतीत कर्नाटकातील घटना बोलकी आहे. जुलै २०२५ मध्ये तेथील वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या आधारे अनेक लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. दुकानदारांचे म्हणणे असे होते की, खात्यावरची सगळी जमा विक्रीची नाही. त्यात घरचे, उसनवारीचे पैसेही आहेत. ते खरे असेलही. पण कोणती जमा कशाची हे तीन-चार वर्षांनंतर आठवणीतून सांगणे किती अवघड! O मधून N वेगळे काढून ठेवणारा आणि उरलेल्या रकमेपुढे शेरा लिहिणारा दुकानदार अशा वेळी निदान उत्तर देऊ शकतो.

पंधरा दिवसांत शेठजींच्या तक्त्यात सगळेच फरक शून्य झाले, असे मात्र नाही. पाच-दहा रुपयांचे फरक राहिले. सुट्या पैशांच्या व्यवहारात ते राहणारच. एकदा ९० रुपये कमी आले. फरकाला नऊने भाग जात असेल तर प्रथम अंकांची अदलाबदल शोधावी, हा हिशेबनीसांचा जुना नियम. त्याप्रमाणे शोधता ४५० ची पावती बेरजेत ५४० धरलेली सापडली. दुसऱ्यांदा फरक आला २४० रुपयांचा, आणि या वेळी रोकड जास्त होती. फरकाच्या निम्म्या रकमेची, म्हणजे १२० ची नोंद कोठे आहे का ते पाहिले. उधारी वसुलीचे १२० रुपये चुकून दुकानखर्चात टाकलेले होते. जमेची रक्कम खर्चात गेली की फरक दुप्पट होतो. शंभर, दोनशे, पाचशे असा गोल फरक आला तर नोंदवायचा राहून गेलेला एखादा व्यवहार आठवावा. आणि महिनाभर रोज फरक शून्यच येत असेल, तर माझ्यासारख्या बँक अधिकाऱ्याच्या मनात शंका येते, की रोकड मोजलीच गेलेली नाही, K वरून L मध्ये आकडा उतरवला आहे.

किराणा दुकानदार वाचक येथे म्हणतील, ‘आम्ही पाच रुपयांच्या जिऱ्याची पावती कशी करणार?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. पावत्या नसतील तर रोख विक्री उलट्या वाटेने काढावी लागते: रात्री मोजलेली रोकड, अधिक दिवसभरात गल्ल्यातून गेलेले सर्व पैसे, वजा आरंभीची शिल्लक, वजा वसुली व इतर जमा. त्यासाठी C मध्ये हे सूत्र घालावे:

```
C2:  =L2+SUM(F2:J2)-B2-D2-E2
```

विक्रीचा अंदाज यातून चांगला मिळतो. पण या पद्धतीत M मधील फरक नेहमी शून्यच येणार, कारण विक्रीच आपण फरकातून काढली आहे. गल्ल्यातून कोणी शंभर रुपये नेले तर विक्री शंभराने कमी दिसेल आणि फरक शून्यच राहील. म्हणून या तक्त्यावर विसंबून ‘माझा गल्ला रोज जुळतो’ असे म्हणू नये. अशा दुकानात ताळा लागतो तो महिन्याच्या शेवटी, विक्री आणि मालखरेदी समोरासमोर ठेवल्यावर. महिन्याच्या सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा शेवटी उरलेला माल, म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची किंमत. तिच्यावर आपल्याला सरासरी किती टक्के सुटतात हे दुकानदाराला ठाऊक असते. रोख, यूपीआय आणि उधार मिळून झालेली विक्री त्या अंदाजाच्या बरीच खाली असेल, तर कोठेतरी गळती आहे. दिवसाची गळती त्यातून कळत नाही, महिन्याची कळते. ज्याला दिवसाची हवी, त्याने पावती किंवा बिलाचे छोटे यंत्र ठेवावे.

शेठजींनी तीन महिने तक्ता भरला आणि तो छापून घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. सर्वांत मोठे आश्चर्य त्यांना H रकान्याचे वाटले. घरासाठी महिन्याला दहा हजार उचलतो, अशी त्यांची समजूत होती; बेरीज अठरा हजारांच्या पुढे गेली होती. ‘‘म्हणजे व्यापाऱ्याचे देणे थकते ते यामुळे,’’ असे ते स्वतःच म्हणाले. मला सांगावे लागले नाही.

आता कर्जमर्यादेचा प्रश्न. लहान उद्योग-व्यापारासाठी खेळते भांडवल ठरवताना बँका सामान्यतः उलाढालीची पद्धत वापरतात. १९९२ च्या नायक समितीच्या शिफारशीतून आलेली ही पद्धत सोपी आहे: वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या पंचवीस टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची, त्यातील पाच टक्के मालकाने स्वतःचे घालायचे आणि वीस टक्के बँकेने द्यायचे. पण अपेक्षित विक्री म्हणजे मनातली विक्री नव्हे. यापूर्वी शेठजींच्या खात्यावर वर्षाला जेमतेम चौदा लाखांची जमा दिसत होती, कारण रोख विक्रीतला बराच पैसा खात्यावर न येता थेट खरेदीला आणि घरी जात होता. त्या आधारावर वीस टक्के म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. त्यांना हवे होते पाच लाख.

तीन महिन्यांच्या तक्त्यात C आणि N यांची बेरीज करून कामाच्या दिवसांनी भागले, तेव्हा रोजची विक्री सरासरी १०,४०० रुपये निघाली. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २,७०,४००, आणि वर्षाचे ३२,४४,८००. त्याचे वीस टक्के होतात सुमारे साडेसहा लाख. उधारीची विक्री तर यात धरलीच नव्हती. नुसत्या तक्त्यावर बँक कर्ज देत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. I रकान्यातील भरणे पासबुकाशी, F मधील खरेदी पुरवठादारांच्या बिलांशी आणि वर्षाची विक्री प्राप्तिकर विवरणपत्राशी जुळते का, हे आम्ही पाहतो. गोदामातील माल प्रत्यक्ष पाहतो. विवरणपत्रात बारा लाख आणि तक्त्यात बत्तीस लाख असे असेल, तर तक्ता अर्जदाराला मदत करण्याऐवजी अडचणीतच आणतो. शेठजींचे नवे विवरणपत्र त्यांच्या करसल्लागारांनी तक्त्यातील विक्रीवरूनच भरले, आणि कर थोडा वाढला तरी त्यांनी तक्रार केली नाही. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास जीएसटी नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांची आहे. रोख, यूपीआय आणि उधार या तिन्हींची बेरीज तिच्याजवळ कधी पोहोचते, यावरही आता त्यांना लक्ष ठेवता येते. इस्त्री-पंख्याच्या दुरुस्तीची मजुरी ही सेवा असल्याने तिचा हिशेब वेगळा ठेवून सल्लागारांना विचारा, असेही मी सुचवले. तपासणीनंतर त्यांची मर्यादा पाच लाखांची झाली.

परवा स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना मी त्यांच्या दुकानात डोकावले. दिवेलागणीची वेळ होती. एक प्रवासी मोबाईल पुढे करून उभा होता. मुलाने आधी रक्कम आल्याचा आवाज ऐकला, मग पाचशेची नोट दिली, आणि गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली. आता रात्रीची रोकड तोच मोजतो. शेठजी फक्त आकडे सांगतात आणि मुलगी ते तक्त्यात भरते.